वॉलेटचा आकडा आणि बँकेचा आकडा जुळत नाही, फरक नेमका कुठे शोधायचा?

प्रश्न: आमचं पुण्यात कुरिअर बुकिंगचं छोटं पोर्टल आहे. ऑनलाइन विकणारे सेलर आमच्याकडे आधी पैसे भरतात, वॉलेटमध्ये बॅलन्स येतो आणि प्रत्येक शिपमेंटला तो कापला जातो. महिनाअखेरीला वॉलेटचे टॉपअप आणि बँकेत आलेले पैसे काही केल्या जुळत नाहीत, काही सेलरचा बॅलन्स तर मायनस दिसतो. डेव्हलपर म्हणतो अकाउंटिंगचा घोळ आहे, अकाउंटंट म्हणतो सॉफ्टवेअरचा. नक्की कुठे बघायचं?

उत्तर:

दोघंही थोडे थोडे बरोबर असणार, कारण एवढ्या माहितीवरून मला तरी यात दोन वेगळे प्रॉब्लेम दिसतायत जे तुम्ही एकाच आकड्यात बघताय. एक म्हणजे ऑर्डरला बॅलन्स कसा कापला जातो, हा सॉफ्टवेअरचा. दुसरा म्हणजे टॉपअप कशाच्या पुराव्यावर दिला जातो, हा हिशोबाचा. मायनस बॅलन्स बहुतेक पहिल्यातून येतोय आणि बँक न जुळणं दुसऱ्यातून. आधी दुसरा घेतो, तुमचं डोकं त्यानेच जास्त दुखत असणार.

महिनाअखेरीला जुळवत बसू नका. जुळवणी रोजची रोज झाली पाहिजे आणि ती एकूण आकड्याची नाही, तर पैसे ज्या ज्या वाटेने येतात त्या प्रत्येक वाटेची वेगळी. का ते एका दिवसाच्या उदाहरणाने सांगतो, आकडे सोयीसाठी धरलेत पण प्रकार अगदी रोजचा आहे.

समजा शुक्रवारी तुमच्या सिस्टिमने सेलरना एकूण २,३६,००० रुपयांचे टॉपअप दिले. त्यातले १,२०,००० काही सेलरना नेमून दिलेल्या व्हर्च्युअल अकाउंट नंबरवर आले, ८०,००० पेमेंट गेटवेने आणि ३६,००० 'सर, एनईएफटी केलंय, हा बघा स्क्रीनशॉट' या पद्धतीने. आता त्याच दिवशीचं बँक स्टेटमेंट उघडलं तर जमा दिसतायत २,२५,९८९.६० रुपये. फरक १०,०१०.४० रुपयांचा. अकाउंटंट म्हणणार गेटवेचे चार्जेस असतील, आणि खर्चात टाकून मोकळा होणार. पण आत बघा काय आहे ते.

व्हर्च्युअल अकाउंटचे १,२०,००० बरोब्बर आलेत, तिथे काहीच प्रॉब्लेम नाही. गेटवेचे आजचे ८०,००० मात्र आज बँकेत आलेलेच नाहीत, कारण गेटवे साधारण दोन कामाच्या दिवसांनी सेटलमेंट करतो. आज आलेत ते बुधवारचे. बुधवारी गेटवेवर ६४,००० चे टॉपअप झाले होते, त्यावर २ टक्के फी म्हणजे १,२८० आणि फीवर १८ टक्के जीएसटी २३०.४० कापून हातात आले ६२,४८९.६०. स्क्रीनशॉटवाल्या ३६,००० पैकी बँकेत २५,०००च सापडले, ११,००० कुठेच नाहीत. आणि वर एक १८,५०० ची एनईएफटी आलीय जिच्यावर पाठवणाऱ्याचं नाव कुठल्यातरी ट्रेडिंग कंपनीचं आहे आणि त्या नावाचा सेलर तुमच्याकडे रजिस्टरच नाही.

बेरीज करून बघा, ८०,००० मधून ६२,४८९.६० वजा, त्यात ११,००० मिळवा, त्यातून १८,५०० वजा. बरोबर १०,०१०.४०. म्हणजे दहा हजाराचा दिसणारा फरक हा खरं तर चार वेगळ्या गोष्टींचा आहे, काही प्लस काही मायनस, आणि एकमेकांना खाऊन त्या निरुपद्रवी दिसतायत. त्यातल्या एका ठिकाणी तुम्ही न आलेल्या पैशांचा ११,००० चा बॅलन्स वाटून बसलाय, आणि दुसऱ्या ठिकाणी कुणाचे तरी १८,५०० तुमच्याकडे पडून आहेत आणि तो सेलर उद्या सकाळी फोनवर शिव्या घालणार आहे.

म्हणून अकाउंट्समध्ये सरळ वेगळी खाती उघडा. 'गेटवेकडून येणे' हे एक. सेलरला वॉलेटमध्ये ८०,००० दिले की गेटवेकडून येणे ८०,००० वाढलं, बुधवारच्या ६४,००० चं सेटलमेंट आलं की बँक ६२,४८९.६०, फी खर्च १,२८०, जीएसटी इनपुट २३०.४० आणि येणे ६४,००० ने कमी. गेटवेचा सेटलमेंट रिपोर्ट रोज डाउनलोड करता येतो आणि त्यात प्रत्येक पेमेंट आयडी असतो, तो आयडी तुमच्या वॉलेटच्या एंट्रीतही साठवलेला असलाच पाहिजे, नाहीतर जुळवणार कशाशी. दुसरं खातं सस्पेन्सचं. जे पैसे बँकेत आले पण कुणाचे ते माहीत नाही ते सस्पेन्समध्ये, मालक सापडेपर्यंत कुठल्याही वॉलेटला हात लावायचा नाही. सस्पेन्समध्ये किती पैसे किती दिवसांपासून पडून आहेत हे रोज तुम्हाला दिसलं पाहिजे. सात दिवसांहून जुनी एंट्री असली तर मी स्वतः फोन करायला लावतो.

आणि स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट हा पुरावा नाही, हे ऑफिसच्या भिंतीवर लिहून ठेवा. प्रत्येक वेळी कुणी फसवतंच असं नाही. एनईएफटी केल्यावर पैसे परतही जातात, तोच स्क्रीनशॉट सेलरच्या दोन माणसांनी दोनदा पाठवलेला असतो, कधी पेमेंट शेड्यूल केलेलं असतं आणि झालेलं नसतं. मॅन्युअल टॉपअप फक्त बँक स्टेटमेंटमधल्या ओळीवरून द्यायचा आणि यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, टाकल्याशिवाय स्क्रीनवर सेव्हच होऊ द्यायचं नाही. एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षरांचा असतो, आरटीजीएसचा २२, यूपीआयचा रेफरन्स १२ आकडी. या कॉलमवर डेटाबेसमध्ये युनिक कन्स्ट्रेंट लावला की तोच यूटीआर दुसऱ्यांदा जाणारच नाही. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास चालते, अर्ध्या अर्ध्या तासाच्या बॅचमध्ये, त्यामुळे 'रविवार आहे, अर्जंट आहे, आधी बॅलन्स द्या नंतर बघू' हे कारण आता फारसं उरलेलं नाही.

यातून कायमचं सुटायचं तर प्रत्येक सेलरला त्याचा व्हर्च्युअल अकाउंट नंबर द्या. तुमच्या करंट अकाउंटवर बँक हे देते, तुमचा ठरावीक प्रीफिक्स आणि पुढे सेलरचा कोड. पैसे एकाच खात्यात येतात पण कुठल्या नंबरवर आले हे बँक तुम्हाला कळवते, मग पाठवणारा ट्रेडिंग कंपनीच्या खात्यातून पाठवू दे नाहीतर भावाच्या, सेलर ओळखू येतो. वरच्या उदाहरणातले ११,००० आणि १८,५०० दोन्ही प्रश्न तिथेच संपले असते. यूपीआय, कार्ड राहू देत छोट्या टॉपअपसाठी, पण महिन्याला लाखभर भरणाऱ्या सेलरला गेटवेवर ठेवून दोन टक्के घालवण्यात अर्थ नाही. शिवाय कार्डाला चार्जबॅकचं लफडं आहे, पैसे भरले, बॅलन्स वापरून शिपमेंट गेल्या आणि काही आठवड्यांनी बँक म्हणते हे पेमेंट परत. नवीन सेलरला कार्डने टॉपअपची मर्यादा ठेवा.

एक छोटी गोष्ट जी फार लोकांना छळते. सर्व्हर यूटीसी वेळेवर असतो आणि बँक आपल्या वेळेवर, मध्ये साडेपाच तास. रात्री बारा ते पहाटे साडेपाच मधले टॉपअप तुमच्या रिपोर्टमध्ये आदल्या दिवशी पडतात. रोज थोडा फरक आणि दुसऱ्या दिवशी तो उलटा, असं दिसत असेल तर हेच आहे.

अजून, बँकेत एंट्री नसलेले टॉपअप. सेलरचे सीओडीचे पैसे तुमच्याकडे जमा असतात आणि तो म्हणतो त्यातले २०,००० वॉलेटला टाका. बँकेत काहीच हललं नाही पण वॉलेट वाढलं. याला वेगळा टाइप द्या, याची समोरची बाजू बँक नाही, सेलरला देणं असलेलं सीओडी आहे. तसंच टीडीएस. कंपनी असलेले सेलर कुरिअरच्या सर्व्हिसवर टीडीएस कापतात, कंपनीला पेमेंट असेल तर २ टक्के, आणि ४९,००० भरून ५०,००० चा बॅलन्स मागतात. देऊ नका. जेवढे आले तेवढाच बॅलन्स, आणि त्यांनी टीडीएस भरल्यावर, टीडीएसचं सर्टिफिकेट आल्यावर आणि तुमच्या पॅनवरच्या टीडीएस स्टेटमेंटमध्ये ती रक्कम दिसल्यावर वेगळ्या टाइपने क्रेडिट द्यायचं. सर्टिफिकेट तिमाहीने येतं त्यामुळे सेलर कुरकुरतात, पण आधी देऊन नंतर मागे लागणं जास्त वाईट.

आता सॉफ्टवेअरची बाजू.

तुमच्या डेव्हलपरला विचारा की बॅलन्स हा नुसता एक आकडा म्हणून साठवलाय का, जो प्रत्येक वेळी बदलला जातो. तसं असेल तर आज बॅलन्स १,२३० का आहे याचं उत्तर जगात कुणीच देऊ शकत नाही. दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं हवं, ओळ लिहिली की खोडायची नाही, चुकली तर खाली उलटी ओळ लिहायची. लेजर टेबलमध्ये प्रत्येक हालचालीची एक ओळ, प्लस किंवा मायनस, आणि ती कशामुळे आली त्याचा रेफरन्स, म्हणजे यूटीआर, पेमेंट आयडी नाहीतर एडब्ल्यूबी, म्हणजे कुरिअरचा शिपमेंट नंबर. बॅलन्सचा आकडा वेगळा ठेवा, वेगासाठी लागतोच, पण खरं ते लेजर. आणि रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा, दशांश फ्लोटमध्ये ठेवली की महिन्याभराने दोन-तीन पैशांचे भूत सगळीकडे नाचतात.

रोज रात्री ही क्वेरी चालवा, ओळ एकही यायला नको:

```sql
SELECT w.id, w.balance_paise,
       COALESCE(SUM(l.amount_paise), 0) AS ledger_sum
FROM wallets w
LEFT JOIN ledger l ON l.wallet_id = w.id
GROUP BY w.id, w.balance_paise
HAVING w.balance_paise <> COALESCE(SUM(l.amount_paise), 0);
```

ओळी आल्या तर कुठेतरी कोड बॅलन्स बदलतोय पण लेजर लिहीत नाही, किंवा दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये नाहीत.

मायनस बॅलन्सचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे कोड आधी बॅलन्स वाचतो, पुरेसा आहे का बघतो, मग वजा करून परत लिहितो. सेलरने दोनशे ऑर्डरची एक्सेल फाइल अपलोड केली की हे समांतर चालतं, दोन ऑर्डर एकाच क्षणी १०० रुपये बॅलन्स वाचतात, दोघी म्हणतात ८० आहेत ना मग ठीक, आणि दोन्ही जातात. नशीब चांगलं असेल तर मायनस ६० दिसतं. वाईट असेल तर दोघींनीही १०० मधून ८० वजा करून २० असंच लिहिलं, म्हणजे एक शिपमेंट फुकट गेली आणि मायनसही दिसलं नाही. तपासणी आणि वजाबाकी एकाच वाक्यात हवी:

```sql
UPDATE wallets
SET balance_paise = balance_paise - 5310
WHERE id = 412 AND balance_paise >= 5310;
```

शून्य ओळी बदलल्या तर बॅलन्स कमी आहे, ऑर्डर थांबवा. एक ओळ बदलली तर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लेजरची ओळ लिहा. टॉपअपलाही हाच न्याय, गेटवे एकाच पेमेंटचा वेबहुक, म्हणजे तुमच्या सर्व्हरला थेट पाठवलेला निरोप, दोन-तीनदा पाठवू शकतो आणि वर ब्राउझरमधूनही सक्सेस येतो, पेमेंट आयडीवर युनिक कन्स्ट्रेंट नसेल तर एका पेमेंटचे दोन टॉपअप होतात. सेलर याची तक्रार कधीच करत नाही, हे लक्षात ठेवा.

कुरिअर धंद्यात अजून एक अवघड जागा आहे. पैसे कापले, कुरिअर कंपनीच्या एपीआयला विनंती पाठवली, तीस सेकंद उत्तरच नाही. बहुतेक कोड इथे एरर धरून पैसे परत करतो. पण उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही असं नसतं, पलीकडे एडब्ल्यूबी तयार झालेला असू शकतो, आणि सेलरने परत क्लिक केलं तर दुसराही. टाइमआउट आला की ऑर्डर 'पेंडिंग'मध्ये ठेवा, पैसे रोखलेलेच राहू देत, आणि काही मिनिटांनी तुमच्या ऑर्डर नंबरवरून कुरिअरला स्टेटस विचारा, झालं असेल तर कापलेलं कायम, नसेल तरच उलटी ओळ. तुमच्याकडे हे होतंय का ते ओळखायचं सोपं आहे. कुरिअर कंपनीच्या बिलातले सगळे एडब्ल्यूबी घ्या आणि तुमच्या लेजरमधल्या कपातीशी लावून बघा. बिलात आहेत पण कपात नाही, किंवा कपात होऊन रिफंड झालेला आहे, असे जे निघतील ते सरळ तुमच्या खिशातून गेलेत. मार्जिन का कमी दिसतंय याचं उत्तर अनेकदा इथेच सापडतं.

आता एक मायनस असाही असतो जो बरोबर असतो. सेलरने वजन ५०० ग्रॅम लिहिलं, समजा दर पहिल्या ५०० ग्रॅमला ४५ रुपये, १८ टक्के जीएसटी धरून बुकिंगला ५३.१० कापले. खोका निघाला ३० बाय २० बाय १५ सेंटिमीटरचा. लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार ९,०००, त्याला ५,००० ने भागलं की १.८ किलो व्हॉल्यूमेट्रिक वजन, कुरिअर २ किलोचा स्लॅब लावणार. पुढच्या प्रत्येक ५०० ग्रॅमला ४० रुपये धरले तर १६५, जीएसटीसकट १९४.७०. उरलेले १४१.६० काही दिवसांनी कापायला जाल तेव्हा वॉलेटमध्ये ९० रुपयेच आहेत. इथे ती वरची अट लावून कपात नाकारू नका, सर्व्हिस देऊन झालीय, पैसे देणं आहेच. बॅलन्स मायनस ५१.६० होऊ दे आणि नवीन बुकिंग बंद करा. म्हणजे नियम दोन, नवीन ऑर्डरला शून्याखाली जायचं नाही, वजनाचा फरक आणि परत आलेल्या पार्सलचा चार्ज यांना जायची परवानगी. ज्या सेलरचं वजन सारखं चुकतं त्याला किमान बॅलन्स राखायला लावा. आणि कापायच्या आधी वजनाचा फोटो दाखवून वाद घालायला काही दिवस द्या, नाहीतर कपात आणि रिफंडच्या ओळींनी लेजर भरून जाईल.

कायद्याचं थोडक्यात, कारण हे सीए बघेल. तुमचं वॉलेट फक्त तुमच्याच सेवेसाठी वापरता येत असेल आणि रोख काढता येत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या पीपीआय, म्हणजे आधी पैसे भरून वापरायच्या वॉलेटसारख्या साधनांच्या, निर्देशांनुसार ते क्लोज्ड सिस्टिम आहे, त्याला त्यांची परवानगी लागत नाही. पण त्याच बॅलन्समधून दुसऱ्या कंपनीचं पॅकिंग मटेरियल विकायची आयडिया कुणी काढली तर तिथेच थांबा आणि आधी वकिलाला विचारा. जीएसटीत सेवेचा आगाऊ पैसा आला की कर लागू होतो, मालासारखी सूट सेवेला नाही. महिन्यात वापरलेल्याचं इनव्हॉइस त्याच महिन्यात निघालं की प्रश्न उरतो तो अखेरीला शिल्लक राहिलेल्या बॅलन्सचा. सेलरचे १४,००० शिल्लक असतील तर त्यात १८ टक्क्यांनी २,१३५.५९ कर धरलेला आहे, तो जीएसटीआर-१ रिटर्नच्या ११ए तक्त्यामध्ये जातो आणि पुढे इनव्हॉइस झालं की ११बी मध्ये वजा होतो. म्हणजे सेलरनिहाय शिल्लक बरोबर नसेल तर रिटर्नही चुकतंय.

जुनं कसं निस्तरायचं, तर मागचे सगळे महिने उकरत बसू नका. पुढच्या महिन्याची एक तारीख धरा. त्या रात्री प्रत्येक सेलरचा बॅलन्स ईमेलवर पाठवा आणि दहा दिवसांत हरकत कळवा म्हणा. मोठ्या वीस-तीस सेलरचं लेजर मात्र हाताने तपासा, फरकातला बराचसा पैसा तिथेच असतो. जो फरक उरेल तो सेलरच्या वॉलेटमध्ये ढकलायचा नाही, तुमच्या पुस्तकात 'वॉलेट फरक' नावाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचा आणि एक-एक उलगडत जाईल तसा तिथून काढायचा. एक तारखेपासून टॅलीतलं 'ग्राहकांची आगाऊ रक्कम' हे खातं आणि सगळ्या वॉलेटची बेरीज रोज संध्याकाळी एकच आली पाहिजे, मायनसवाले सेलर बेरजेत न मिसळता वेगळे येणे म्हणून दाखवून. मॅन्युअल टॉपअपचा हक्क एकाला आणि मंजुरीचा दुसऱ्याला द्या, आणि डेव्हलपरकडचा प्रॉडक्शन डेटाबेसमध्ये थेट बॅलन्स बदलायचा अ‍ॅक्सेस त्याच दिवशी काढा, तो कितीही चांगला माणूस असला तरी.